अकराव्या पाठाशी गळलेल्या बाया

अकराव्या पाठाशी बाया गळत होत्या.

सीमा इंगोलेला ते आकड्यांत स्पष्ट दिसत होतं. अमरावतीच्या राजापेठेत एका शिकवणी वर्गाच्या वरच्या मजल्यावर तिचं ऑफिस होतं. खाली बारावीची पोरं गाड्या लावण्यावरून भांडत आणि वर चार टेबलांवर घरगुती रुग्णसेवेचा मोबाइल कोर्स चाले. पाठ चाळीस. पाठ म्हणजे एक छोटा व्हिडिओ आणि त्याखाली पाच प्रश्न. शिकणाऱ्या सगळ्या मोठ्या बाया. कोणी अकोल्याच्या, कोणी मूर्तिजापूरच्या, कोणी इथल्याच. आजारी माणसाच्या उशाशी बारा-बारा तासांची पाळी करणाऱ्या, नाहीतर ते काम शोधणाऱ्या. दोनशे बारा जणींनी नावं घातली होती. दहाव्या पाठापर्यंत एकशे साठ टिकल्या. अकरावा पुरा केला तो एकसष्ट जणींनी.

अकरावा पाठ नाकातल्या नळीतून रुग्णाला जेवण कसं द्यायचं याचा होता. सीमाने अठरा वर्षं नर्सिंग शिकवलेलं, त्यामुळे बाया का पळतात हे तिला विचारावं लागलं नाही. पहिल्या दहा पाठांचे व्हिडिओ तीन-तीन मिनिटांचे होते. त्यांत हात दिसत, चादर बदलणारे, कूस वळवणारे, पाठ पुसणारे. एका व्हिडिओत एकच गोष्ट. अकराव्यासाठी मात्र पाठ सांगायला बोलावलेल्या डॉक्टरसाहेबांनी अर्धाच तास दिला होता. ते खुर्चीत बसून अकरा मिनिटं बोलले होते आणि तेच जसंच्या तसं चढवलं होतं. चौथ्या मिनिटाला आलेखातली बघणाऱ्यांची रेघ जी खाली आली ती पुन्हा वर आलीच नाही.

"याचे चार तुकडे करून नव्यानं शूटिंग करू," ती गजेंद्र टालेला म्हणाली. संस्था गजेंद्रची होती. पैसा पुण्याच्या एका देणगीदार कंपनीचा होता आणि सत्तर टक्के बाया शेवटपर्यंत गेल्या तरच दुसरा टप्पा मिळणार होता.

"व्हिडिओले हात नका लावू," गजेंद्र म्हणाला. "महिनाअखेरीस अहवाल द्यायचा आहे. व्हिडिओ नाई, बाईले ढकला."

ढकलायचं म्हणजे मोबाइलवर आठवणीचा संदेश पाठवायचा. सीमाने दोन संदेश लिहिले. पहिला साधा: 'तुमचा पुढचा पाठ तुमची वाट पाहत आहे.' दुसरा लिहिताना तिला आपल्या हुशारीचं कौतुकच वाटलं: 'तुमच्या गटातल्या ३१ जणी पुढे गेल्या. तुमच्या नावापुढे अजून लाल ठिपका आहे.' अॅप सांभाळणाऱ्या हसनैनने थांबलेल्या बायांचे दोन समान गट केले, कोणाला कुठला संदेश जाईल हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं आणि संदेश सोडले. तीन दिवसांत साध्या संदेशावर शेकडा बावीस परतल्या, लाल ठिपक्यावर चाळीस.

गजेंद्रने सगळ्यांना लाल ठिपका लावायला सांगितला. शिवाय दर सोमवारी व्हॉट्सअॅप गटात सगळ्यांची यादी टाकायची, पुढे गेलेल्या हिरव्या, मागे राहिलेल्या लाल. त्या दिवशी सीमाने सगळ्यांसाठी कचोरी मागवली होती.

तरी चाचणीशी बाया अडतच होत्या. उत्तर चुकलं की अर्ध्या मिनिटाचा एक तुकडा दिसे, का चुकलं ते सांगणारा, आणि तोच प्रश्न दुसऱ्या दिवशी पर्यायांचा क्रम बदलून पुन्हा येई. ही रचना सीमाचीच होती. शिकलेलं डोक्यात राहावं म्हणून तिने ती हट्टाने करून घेतली होती.

"चुकलं का बाई फोन बंद करते," गजेंद्र म्हणाला. "काढा ते. चुकलं तर चुकलं म्हना, आन लगेच दुसरं बटन दाबू द्या."

हसनैनने मान वर केली. "मॅडम, मग तर कोणीही पास होईल. क दाबा, नाही जमलं तर ड दाबा."

"आधी टिकू दे त्यांना," सीमा म्हणाली. "शिकणं मागून येईल."

हे वाक्य पुढे तिला अनेकदा आठवलं, आणि दर वेळी तोंडात कडवट थुंकी जमली.

महिनाअखेरीस एकशे पासष्ट बायांनी कोर्स पुरा केला. अठ्ठ्याहत्तर टक्के. गजेंद्रने अहवालाच्या पहिल्याच पानावर तो आकडा मोठ्या अक्षरांत छापला. हसनैनने त्याच दिवशी सीमाला दुसरा एक आकडा दाखवला होता. अकराव्या पाठाची चाचणी बाया सरासरी चौदा सेकंदांत सोडवत होत्या. पाचही प्रश्न नुसते वाचायचे म्हटले तरी अर्ध्या मिनिटाहून जास्त लागे. सीमाने तो आकडा पाहिला आणि "नंतर बघू" म्हणाली. मग तिने एकशे पासष्ट प्रमाणपत्रांवर सही केली.

दीड महिन्याने अकोल्याहून फोन आला. बाईचा आवाज वयस्कर होता आणि शांत होता.

"तुमीच का सीमा इंगोले? तुमची सही आहे इथं. माणिकबाईले नळीतून जेवन द्याचं तुमी शिकवलं का?"

"कोर्समध्ये आहे तो पाठ. आपण कोण बोलताय?"

"मी सुभद्रा. माहे मालक दवाखान्यात आहेत. तुमाले वेळ असल तर येऊन पाहून जा."

तिने कुठल्या दवाखान्यात ते सांगितलं आणि फोन ठेवला. बोलण्यात राग नव्हता. राग असता तर सीमाला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती सकाळच्या गाडीने अकोल्याला गेली. खुशालरावांना अर्धांगाचा झटका येऊन पाच महिने झाले होते. गिळता येत नव्हतं म्हणून नाकात नळी होती. घरोघर रुग्णसेवेला बाया पुरवणाऱ्या ब्युरोने नवी पाठवलेली माणिकबाई तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांना आडवंच ठेवून डाळीचं पाणी पिचकारीने दाबून घालत होती. अन्न उलटून श्वासनलिकेत गेलं. ते काळेनिळे पडले. फुप्फुसात संसर्ग झाला आणि आज दवाखान्यातला नववा दिवस होता. आता धोका टळला होता, पण सीमा खाटेशी उभी राहिली तेव्हा त्यांच्या छातीतली घरघर तिला ऐकू येत होती.

"पयले बिल्कीस होती आमच्याकडं," सुभद्राबाई म्हणाल्या. "चार महिने. ती आधी खाटीचं डोकं वर करे. नळी बरोबर जागी आहे का पाहे. मंग थोडं थोडं सोडे, आपल्या वजनानं उतरू दे म्हने. पाऊन घंटा निजू देत नव्हती त्याईले. काहून काढली तिले, तर ब्युरोवाला म्हने तिचा कोर्स अर्धवट आहे. नापास बाई मी ठेवत नाई म्हने. ही माणिकबाई पास आहे म्हने."

सीमा म्हणाली, "पण कोण कुठवर आलं हे त्याला कसं कळलं?"

"तुमच्याच यादीतून. दर सोमवारी येते ना त्याच्या फोनवर."

सीमाने तिथेच, दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून गट उघडला आणि सदस्यांची नावं एकेक करून वाचली. ब्युरोचा मालक त्यात होता. गजेंद्रने त्याला पहिल्या सोमवारीच घेतलं होतं. सव्वादोनशे नावांच्या गटात तिने कधी वर-खाली पाहिलंच नव्हतं.  ती खाली नळाशी गेली, चूळ भरली, पुन्हा भरली.

माणिकबाईचं घर जुन्या शहरात होतं. ती दाराशीच बसली होती, पन्नाशीची, हात सतत पदराला पुसत. सीमाचं नाव ऐकताच ती उठली, आणि पुन्हा बसली.

"मले ते येतच नव्हतं, म्याडम. मी कधी नळी पाह्यलीच नव्हती."

"पण चाचणीत तुम्हाला शंभरपैकी शंभर आहेत."

माणिकबाईने आत पाहिलं. स्वयंपाकघरातून तिची सून आचल बाहेर आली. "मी दाबले," आचल म्हणाली. "भाजी फोडणीले टाकता टाकता. एक चुकलं का दुसरं दाबाचं, त्यात काय आहे? मायचं नाव दर सोमवारी लाल याचं. ब्युरोवाला म्हने, लाल बाईले काम नाई. मंग काय करतो आमी?"

"व्हिडिओ तरी पाहिला होता का?"

"चालू करून ठेवला होता," माणिकबाई म्हणाली. "एक डाक्टर बोलून राह्यले होते."

सीमाला तिचा राग आला नाही. ज्याचा यायला हवा होता तो माणूस तिथेच उभा होता, माणिकबाईच्या दारात, खांद्याला पर्स लावून.

बिल्कीसकडे ती त्याच दुपारी गेली. ब्युरोने काढल्यापासून ती एका दवाखान्यात फरशा पुसायचं काम करत होती. तिथल्याच ओट्यावर दोघी बसल्या. पस्तिशीची, बोलणं मोजकं.

"दहा पाठ मी सगळे केले, मॅडम. रोज एक. चांगले होते," बिल्कीस म्हणाली. "अकरावा तीनदा पाह्यला. डॉक्टरसाहेब म्हणे, तीस ते पंचेचाळीस अंश. आता अंश म्हणजे किती, ते काही दाखवलं नाही. मी उशा लावून करते ते बरोबर की चूक, हेच तर मले समजून घ्यायचं होतं. प्रश्नात दोन चुकले. नुसतं लाल अक्षरात चूक लिहून आलं. का चूक, ते नाही."

"दुसरं बटन दाबता आलं असतं."

"अंदाजानं दाबायचं नव्हतं मले," बिल्कीस म्हणाली. "माणूस आहे ना समोर."

मग तीच म्हणाली, "आणि ते मेसेज. रोज दोन वाजता. दोनला मी खुशालरावबाबाले खाऊ घालत असायची. एका हातात पिचकारी, खिशात फोन थरथरून राहिला. घरी गेल्यावर माझा नवरा वाचून दाखवायचा, एकतीस जणी पुढं गेल्या. एकतीस. मी फोनच बंद करून टाकला."

ते वाक्य सीमाने लिहिलं होतं, आणि ते चाललं म्हणून कचोरी मागवली होती. दोन वाजताची वेळही तिनेच निवडली होती, बायांची जेवणं उरकलेली असतात म्हणून. आजारी माणसांची वेळ तिने धरलीच नव्हती.

अमरावतीला परतल्यावर तिने गजेंद्रसमोर सगळं मांडलं. त्याने शांतपणे ऐकलं. चहा मागवला.

"एक केस झाली. वाईट झालं," तो म्हणाला. "माणिकबाईचं सर्टिफिकेट रद्द करून टाकू. पन तुमी अठ्ठ्याहत्तर पहा. लोकांचे असे कोर्स दहा-पंधरा टक्क्यांवर मरतात."

"अठ्ठ्याहत्तर टक्के बाया शिकल्या नाहीत, गजेंद्र. अठ्ठ्याहत्तर टक्के बटणं दाबली गेली. आणि ती यादी तू ब्युरोला दिलीस."

"त्यानं बाया टिकल्या. त्याईच्या पोटाशी जोडलं म्हनून टिकल्या. याले डिझाईन म्हनतात. तुमीच तर शिकवलं मले, मानसाले कुठं टोचतं ते पहा."

तसं ती खरंच म्हणाली होती. त्याच्या तोंडून ते ऐकताना सीमाला स्वतःचीच शिसारी आली, एखाद्याच्या ताटात आपला केस निघावा तशी.

तिने प्रात्यक्षिक घ्यायला सांगितलं. गजेंद्र नाही म्हणाला. मग तिने आणि हसनैनने पास झालेल्यांतून चिठ्ठ्या काढून अकोल्याच्या तीस बाया निवडल्या. अकोल्यातल्याच एका धर्मादाय दवाखान्याच्या रिकाम्या खोलीत सरावाचा पुतळा, एक खाट आणि एक नळी मांडली. एकेकीला आत बोलावून इतकंच सांगितलं: "या बाबांना जेवण द्या." बाया घामाघूम झाल्या. कोणी पुतळ्याला आडवंच ठेवलं, कोणी नळी तपासली नाही, कोणी शेवटी पाण्याने धुतली नाही. एकीने पुतळ्याच्या ओठाला वाटी लावली आणि रडायला लागली. तीसपैकी नऊ जणींना जमलं. त्या नऊ जणींतल्या सात आधीपासून हे काम करणाऱ्या होत्या.

सीमाने हे सगळं दोन पानांत लिहून पुण्याच्या देणगीदारांना पाठवलं. चौदा सेकंद, ब्युरोकडे गेलेली यादी, खुशालराव, तीसपैकी नऊ. स्वतःचा वाटा लपवला नाही. बारा दिवसांनी उत्तर आलं. प्रात्यक्षिकाची सूचना मोलाची असून पुढच्या टप्प्यात तिचा जरूर विचार होईल. दरम्यान, रंगीत ठिपक्यांच्या पद्धतीची माहिती त्यांच्या आणखी दोन भागीदार संस्थांना पाठवता येईल का?

तिने ते उत्तर हसनैनला दाखवलं. त्याने वाचलं आणि खिडकीतून खाली पाहत राहिला. खाली क्लास सुटला होता.

"मी नाही देणार," तो म्हणाला.

"गजेंद्र देईल."

गजेंद्रने दिली. सीमाने आपली सही काढून घ्यायला सांगितली आणि काम सोडलं. पुढच्या प्रमाणपत्रांवर खुर्चीत बसून बोललेल्या डॉक्टरसाहेबांची सही आली.

नवं काम त्या धर्मादाय दवाखान्यात सुरू झालं, कारण ती खोली तशीही रिकामीच असे. हसनैन रविवारी येई, आणि सीमाने बोलावलेली बिल्कीसही. त्यांनी आधी अकराव्या पाठाचे चार व्हिडिओ केले, मग इतर पाठांचे, एकही तीन मिनिटांपेक्षा मोठा नाही. त्यांत चेहरा कोणाचाच नव्हता. बिल्कीसचे हात होते आणि तिचा आवाज होता. अंश हा शब्दच काढून टाकला. आजोबा टेकून टीव्ही पाहतात तसं बसवायचं, असं म्हणून बिल्कीसने खाटेचं डोकं वर केलं आणि किती ते बाजूने दाखवलं. प्रश्नात चार खाटांचे फोटो ठेवले: यातल्या कोणत्या बाबांना जेवण सुरू कराल? चुकलं तर बाकीच्या तिघांचं काय होईल ते दिसे, आणि तसाच प्रश्न दुसऱ्या फोटोंसह तीन दिवसांनी येई, पुन्हा दहा दिवसांनी.

आठवणीच्या संदेशाची वेळ आता बाईने स्वतः निवडायची. संदेश तिच्या एकटीच्या फोनवर जाई आणि त्यात इतकंच असे: 'नळीचा दुसरा भाग राहिला आहे, तीन मिनिटांचा.' यादी कोणालाच नाही. सहा दिवस कोणी दिसलं नाही तर संदेश जात नसे. बिल्कीस फोन करी.

"थांबली काहून?" ती विचारी. "पाठात अडली का घरात?"

घरात अडलेलीला ती सांगे, सुट्टी घे, पाठ कुठं जात नाहीत. पाठात अडलेलीचं काय अडलं ते वहीत लिहून रविवारी सीमासमोर ठेवी. त्या वहीमुळे सहा व्हिडिओ पुन्हा करावे लागले.

पहिल्या तुकडीत तेवीस बाया होत्या. चौदा शेवटपर्यंत गेल्या. प्रात्यक्षिक झाल्याशिवाय कागद मिळणार नव्हता. तेरा जणींना तो मिळाला. टक्केवारी काढली तर गजेंद्रपेक्षा कितीतरी खाली. सीमाने ती कोणाला पाठवली नाही, मागणारंही कोणी नव्हतं.

तिला झोंबत होते ते जुने एकशे पासष्ट कागद. तिच्या सहीचे, कुठल्या कुठल्या ब्युरोच्या भिंतीवर लावलेले. तिने एकेक नंबर फिरवायला घेतला. सराव फुकट आहे, रविवारी या. काहींनी फोन कापला, काहींनी पुन्हा परीक्षा आली म्हणून शिव्या घातल्या. एकीने विचारलं, तवा काहून पास केलं मंग?  "चुकलं माझं," असं सीमा म्हणाली. एवढं म्हणायला तिला दोन दिवस सराव करावा लागला होता. एक्केचाळीस जणी आल्या.

माणिकबाईचा फोन आचलने उचलला.

"त्या ड्यूटीवर गेल्या," ती म्हणाली. "ब्युरोनं पाठवलं नव्या घरी. तिकडं गीताभवनाच्या मागं कुठंतरी."

"रुग्णाला नळी आहे का?"

"मले काय माहीत."

"विचारून सांगाल का? आज. आणि रविवारी त्यांना घेऊन या, आचल. मी शिकवते."

 पलीकडे कुकरची शिटी वाजली.

"त्या नाई येणार, त्याईले लाज वाटते तुमची," आचल म्हणाली. "मी येऊ का? उत्तरं तर मीच देल्ली होती."

"या," सीमा म्हणाली. "पण आधी नळीचं विचारा."

तासाभराने आचलचा फोन आला. नळी नव्हती. रुग्ण हाताने जेवत होता. सीमाने फोन खाली ठेवला तेव्हा तिच्या लक्षात आलं, की इतका वेळ ती उभीच होती.

रविवारी आचल आली, एकटीच. बिल्कीसने तिला खाटेचा दांडा कसा फिरवायचा ते दाखवलं. पहिल्या खेपेला तिने पुतळ्याला फारच वर केलं, तो पुढे कलंडला, आणि तिने त्याला दोन्ही हातांनी छातीशी धरला.